विमा कंपनी बुडते तेव्हा...

१९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्यामागची जी कारणे सरकारने दिली, त्यांतले एक आज विस्मरणात गेले आहे. आधीच्या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले होते. आणखी २५ कंपन्यांनी आपली पुंजी इतकी उधळली होती, की त्यांचा धंदा दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला आणि त्या व्यवहारात विमेदारांना तोटा सोसावा लागला.

या शेवटच्या वाक्यातच आपल्या विषयाचे मर्म आहे. विमा कंपनी बुडाली म्हणजे पॉलिसीचा कागद रद्दीत जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात कागद बहुधा टिकतो, फक्त त्यावर लिहिलेला आकडा टिकेलच असे नाही.

यासंबंधीचा मूळ कायदा १९३८ चा. आयुर्विमा सरकारी झाल्यावर त्यातली बुडीत कंपन्यांविषयीची कलमे जवळजवळ निजून होती. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसींना तर महामंडळाच्या कायद्यातील ३७ व्या कलमाने केंद्र सरकारचीच हमी दिलेली आहे. पण २००० पासून खासगी कंपन्या पुन्हा आल्या. त्यांना अशी सरकारी हमी नाही. बँक बुडाल्यास ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळते, तशी भरपाई देणारा निधीही आपल्याकडे विमेदारासाठी नाही. म्हणून ती जुनी कलमे पुन्हा वाचणे भाग आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. नियामकाने, म्हणजे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, एखाद्या कंपनीची नोंदणी रद्द केली तर तिला नवी पॉलिसी विकता येत नाही. परंतु आधी केलेले करार जणू नोंदणी रद्द झालीच नाही अशा रीतीने चालू राहतात, असे कायदा सांगतो. म्हणजे हप्ता भरण्याची जबाबदारी विमेदारावर राहते आणि दावा देण्याची कंपनीवर. घाबरून हप्ते थांबवणारा विमेदार स्वतःच्याच हाताने पॉलिसी बंद पाडतो. परवाना कंपनीचा जातो आणि संरक्षण मात्र याचे संपते.

दुसरी गोष्ट पैशाची. दहाव्या कलमानुसार आयुर्विम्याचा निधी वेगळा ठेवावा लागतो आणि तो केवळ त्या विमेदारांचेच तारण असतो. कंपनीच्या मालकाने इतरत्र केलेली कर्जे त्यातून फेडता येत नाहीत. ही भिंत भक्कम आहे; पण भिंतीच्या आतला निधीच अपुरा असेल तर ती काय करणार?

तेव्हा येतो प्रशासक. आयुर्विमा कंपनीचा कारभार विमेदारांच्या हिताला बाधक होतो आहे असे नियामकाला वाटले, तर कंपनीचे म्हणणे ऐकून तो प्रशासक नेमू शकतो. विमेदारांच्या हिताचा मार्ग कोणता, हे प्रशासकाने कळवायचे असते. धंदा दुसऱ्या कंपनीकडे द्यावा, त्याच कंपनीत चालू ठेवावा की कंपनी गुंडाळावी, असे मुख्य पर्याय त्याच्यासमोर असतात. त्यांतल्या दुसऱ्या पर्यायाची शब्दरचना लक्ष देऊन वाचावी अशी आहे : पॉलिसी मूळ रकमेने आणि बोनससह चालू ठेवाव्यात, 'किंवा कमी केलेल्या रकमेने'. ६१ व्या कलमाने न्यायालयालाही असाच अधिकार दिला आहे. कंपनी दिवाळखोर ठरली तरी ती गुंडाळण्याऐवजी सगळ्या करारांच्या रकमा घटवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

एक कल्पित हिशेब घेऊ. कंपनीचे विमेदारांना देणे १०० कोटी आणि हाती मालमत्ता ८० कोटींची. कंपनी तशीच चालू दिली, तर आधी दावा करणाऱ्यांना पूर्ण रक्कम मिळेल आणि शेवटच्यांसाठी तिजोरीत काही उरणार नाही. सर्वांच्या पॉलिसी सारख्या प्रमाणात घटवल्या, तर एक लाखाची पॉलिसी ८० हजारांची होईल. कटू असले तरी हेच अधिक न्याय्य. परंतु ८० चे ६० होण्याआधी ते व्हायला हवे.

हा वेळेचा प्रश्न किती अवघड असतो, हे सहारा इंडिया लाइफ इन्शुरन्सच्या प्रकरणात दिसते. नियामकाने १२ जून २०१७ रोजी या कंपनीवर प्रशासक नेमला. त्याचा अहवाल आल्यावर त्याच महिन्यात नवा धंदा बंद करण्याचा आदेश निघाला. जुलैअखेर सगळा धंदा आयसीआयसीआय प्रुडेन्शियलकडे सोपवण्याचा आदेश झाला. कंपनी मुंबईतील रोखे अपील लवादाकडे गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये लवादाने तो आदेश रद्द केला. विमा कंपन्यांची अपिलेही याच लवादाकडे जातात.

नवी पॉलिसी विकायची नाही, जुन्या मात्र चालवायच्या, अशा स्थितीत कंपनी उरली. हे दिसायला निरुपद्रवी आहे. पण मुदत संपेल तशा पॉलिसी कमी होतात, हप्त्यांची आवक आटते. कचेऱ्या, कर्मचारी, संगणकयंत्रणा यांचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. आवकेच्या तुलनेत दाव्यांचा वाटा फुगत जातो. २ जून २०२३ च्या आदेशात नियामकाने नेमकी हीच लक्षणे नोंदवली आणि हे असेच चालले तर भांडवल झिजून कंपनीला विमेदारांचे देणे देता येणार नाही, असे म्हटले. सुमारे दोन लाख पॉलिसींचे दायित्व, त्यामागच्या मालमत्तेसह, एसबीआय लाइफने तत्काळ घ्यावे असा आदेश होता. अवघ्या ११ दिवसांत लवादाने त्याला स्थगिती दिली.

यात कोणाची बाजू बरोबर, हा न्यायालयीन प्रश्न आहे. आपण विमेदाराच्या जागी उभे राहून पाहू. पॉलिसीवर नाव एका कंपनीचे, आदेशात दुसरीचे, आदेशाला स्थगिती. अशा वेळी हप्ता आणि दावा कोणाकडे द्यायचा, हे त्या दिवशी लागू असलेला आदेश ठरवतो. हस्तांतर स्थगित असेल तर मूळ कंपनीच जबाबदार, अमलात असेल तर नवी. प्रलंबित दावाही दायित्वाचाच भाग असल्याने पॉलिसीबरोबर तोही नव्या कंपनीकडे जातो. मात्र तो दाखल होता, हे सिद्ध करणारी पोच आणि हप्त्यांच्या पावत्या आपल्याजवळ हव्यात. कागदपत्रांच्या स्थलांतरात हरवते ते हेच.

कंपनी गुंडाळायची वेळ आली तर दावेदाराला अवसायकाकडे, म्हणजे मालमत्ता विकून देणी वाटणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आपले येणे सिद्ध करावे लागते. आरोग्य किंवा वाहन विम्यात तर प्रशासकाची वरील तरतूदही नाही, कारण ती केवळ आयुर्विम्यासाठी आहे. तिथे अपघातग्रस्ताची भरपाई कंपनीने दिली नाही, तरी वाहनमालकाची जबाबदारी संपत नाही.

संकटाची चाहूल आधी लागू शकते का? कंपनीची मालमत्ता तिच्या देण्यापेक्षा काही प्रमाणात अधिक असावीच लागते. ही किमान गादी किती, हे नियमाने ठरते आणि प्रत्यक्ष शिल्लक तिच्या निदान दीडपट हवी. त्यालाच सॉल्व्हन्सी गुणोत्तर म्हणतात. १.५ ही त्याची सीमा. प्रत्येक कंपनीला दर तिमाहीला तो आकडा आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा लागतो. एका तिमाहीच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. आठ-दहा तिमाहींचे आकडे ओळीने मांडले की उतार दिसतो. त्याच पत्रकांत नव्या धंद्याचे हप्ते आटत आहेत का, हेही पाहावे.

१९५६ मध्ये विमेदारांचा तोटा टाळण्यासाठी सरकारने मालकीच बदलली. आज मालकी खासगी ठेवून देखरेखीवर भिस्त आहे. ती देखरेख योग्य वेळी हलली तर पॉलिसीवरचा आकडा वाचतो. उशीर झाला तर घटवलेल्या रकमेचे ते जुने कलम तिथेच आहे.