तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च : तफावतीमागील खरे कारण कसे शोधावे व विभागप्रमुखांना कसे सांगावे?

आर्थिक वर्षाची पहिली सहामाही ३० सप्टेंबरला संपते. त्यानंतर शासकीय कार्यालये, नगरपालिका, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्या लेखा शाखांत तफावत अहवाल तयार होतो. प्रत्येक लेखाशीर्षाखाली किती तरतूद होती, प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि दोन्हींत किती अंतर पडले, हे या अहवालात एका तक्त्यात मांडलेले असते. सुधारित अंदाजपत्रक याच आकड्यांवर उभे राहते. तक्त्याचा शेवटचा रकाना ‘तफावतीची कारणे’ हा असतो आणि बहुतेक अहवाल तेथेच अडतात.

याची साक्ष सर्वोच्च लेखापरीक्षणातही मिळते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक केंद्र व राज्यांचे विनियोजन लेखे तपासतात. त्या लेख्यांत बचतीची किंवा जादा खर्चाची कारणे संबंधित विभागाने कळविली नसल्याची नोंद वारंवार आढळते. मंजूर रकमेपेक्षा जादा झालेला खर्च संविधानाच्या अनुच्छेद ११५ नुसार संसदेपुढे आणि अनुच्छेद २०५ नुसार राज्य विधानमंडळापुढे नियमित करून घ्यावा लागतो. असे असतानाही कारणांचा रकाना रिकामा राहतो किंवा ‘तरतूद अपुरी पडल्यामुळे खर्च जास्त झाला’ अशा वाक्याने भरला जातो. या वाक्यात आकडाच पुन्हा शब्दांत सांगितलेला आहे. कारण त्यात नाही.

एकूण बेरीज दिशाभूल करते

उदाहरणासाठी एका मध्यम आकाराच्या नगरपरिषदेचे तीन विभाग घेऊ. येथील आकडे स्पष्टीकरणापुरते कल्पिलेले आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या काळासाठी पाणीपुरवठा विभागाच्या वीजबिलाकरिता १२० लाख रुपये, बांधकाम विभागाच्या रस्ते दुरुस्तीकरिता ९० लाख रुपये आणि आरोग्य विभागाच्या वेतनाकरिता १०५ लाख रुपये अपेक्षित होते. प्रत्यक्ष खर्च अनुक्रमे १३२ लाख, ३८ लाख आणि ९८ लाख झाला. एकूण ३१५ लाखांपैकी २६८ लाख खर्च झाले, म्हणजे ४७ लाख रुपये वाचले, असे तक्ता सांगतो. तीनही आकड्यांमागील कारणे तपासली की हा निष्कर्ष टिकत नाही.

तत्पूर्वी एक गोष्ट पाहावी लागते. सहामाहीची अपेक्षित रक्कम वार्षिक तरतुदीला दोनने भागून काढलेली असेल, तर अर्धी तफावत तेथेच निर्माण झालेली असते. रस्त्यांची कामे पावसाळ्यात थांबतात. मालमत्ता कराची मोठी वसुली फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. म्हणून मागील दोन-तीन वर्षांचा महिनावार खर्च पाहून अंदाजाची विभागणी करावी लागते.

वीजबिल : १२ लाखांचे तीन तुकडे

पाणीपुरवठ्याच्या अंदाजात १५ लाख युनिट वीज आणि प्रतियुनिट सरासरी ८ रुपये दर धरला होता. प्रत्यक्षात १६ लाख युनिट लागले आणि सरासरी दर ८ रुपये २५ पैसे पडला. दरातील २५ पैशांची वाढ १६ लाख युनिटांवर ४ लाख रुपये होते. जादा लागलेल्या १ लाख युनिटांची किंमत मूळ दराने ८ लाख रुपये होते. अशा रीतीने १२ लाखांचा हिशेब जुळतो.

मात्र जादा वीज का लागली, हे अद्याप समजलेले नाही. त्यासाठी उपसलेल्या पाण्याचा आकडा घ्यावा लागतो. अंदाज करताना ३० लाख घनमीटर पाणी आणि प्रत्येक घनमीटरमागे अर्धा युनिट असे गणित होते. प्रत्यक्षात ३० लाख ४० हजार घनमीटर पाणी उपसले गेले. त्याला जुन्या प्रमाणाने १५ लाख २० हजार युनिट पुरेसे होते. म्हणजे वाढीव पाण्याचा वाटा केवळ २० हजार युनिटांचा, १ लाख ६० हजार रुपयांचा आहे. उरलेले ८० हजार युनिट, म्हणजेच ६ लाख ४० हजार रुपये, तेवढेच पाणी उपसण्यास अधिक वीज लागल्यामुळे गेले. ‘शहराची लोकसंख्या वाढली’ हे सहज सुचणारे कारण येथे लहान ठरते.

पुढचा शोध महिनावार नोंदींत लागतो. पहिल्या तिमाहीत एका घनमीटरमागे ०.५० युनिट लागत होते आणि दुसऱ्या तिमाहीत हे प्रमाण ०.५५ च्या आसपास गेले असेल, तर यंत्रणेत काहीतरी बिघडले आहे. पंपाचा इम्पेलर झिजलेला असू शकतो किंवा झडप पूर्ण उघडत नसू शकते. प्रवाहमापक कोठे बसविला आहे, हेही पाहावे लागते. तो पंपाजवळ असेल, तर त्याच्या पुढील जलवाहिनीतील गळती या प्रमाणात दिसणार नाही. तो जलकुंभाजवळ असेल, तर मधली गळतीही पंपाच्या नावावर जमा होईल. मापकच कमी वाचत असण्याची शक्यता उरते. जलकुंभ ठरावीक वेळेत किती भरतो, हे मोजून ती पडताळता येते.

या विभागणीला मर्यादाही आहे. वीजबिलात युनिटांवरील आकाराबरोबर मागणी आकारासारखा स्थिर भाग असतो आणि तो युनिटांच्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे सरासरी दराने केलेली फोड ढोबळ असते. दरवाढीचे ४ लाख नेमके कशामुळे, हे सांगण्यासाठी बिलातील इंधन समायोजन आकार, दंड आणि विलंब शुल्क वेगळे काढून पाहावे लागतात. वीजदर विभागप्रमुखांच्या हातात नसतो; विलंब शुल्क मात्र टाळता येते.

बांधकाम : न आलेले देयक म्हणजे बचत नव्हे

रस्ते दुरुस्तीत ५२ लाख रुपये कमी खर्च झालेले दिसतात. नगरपरिषदेच्या रोकड नोंदीत पैसे दिल्याशिवाय खर्च उमटत नाही. म्हणून येथे रोकडवहीबरोबर मोजमाप पुस्तिका आणि कार्यादेशांची नोंदवही पाहावी लागते. आपल्या उदाहरणात ३१ लाखांची कामे पूर्ण होऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदली गेली आहेत; कंत्राटदारांची देयके मंजूर व्हायची आहेत. उरलेल्या २१ लाखांचे कार्यादेश निघाले आहेत, पण कामे पावसामुळे सुरू झालेली नाहीत. पहिली रक्कम ही देणी आहे, तर दुसरी पुढे ढकललेला खर्च. दोन्हींत बचतीचा एक रुपयाही नाही.

हे वेळीच ओळखले नाही, तर दोन चुका संभवतात. ‘शिल्लक’ रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळवली जाते आणि देयके येतात तेव्हा पैसे नसतात. किंवा सारी कामे वर्षाच्या अखेरीस उरकली जातात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षाखेरीच्या खर्चाच्या घाईला वित्तीय औचित्याचा भंग मानले आहे.

वेतन : खरी आणि तात्पुरती बचत

आरोग्य विभागात ७ लाख रुपये वाचले, कारण काही पदे रिक्त राहिली. जे महिने पद रिक्त होते, त्यांचे वेतन पुन्हा द्यावे लागत नाही. म्हणून ही बचत कायमची असते. परंतु महागाई भत्त्याची जुलैपासूनची वाढ अनेकदा नंतर जाहीर होते आणि थकबाकीसह दिली जाते. अंदाजात ती धरलेली असूनही अद्याप दिलेली नसेल, तर तेवढी रक्कम बचतीतून वजा करावी लागते. येथे ती २ लाख धरली, तर खरी बचत ५ लाखांची उरते.

आता तिन्ही विभाग पुन्हा एकत्र मांडले की चित्र उलटते. वीजबिलात १२ लाख जादा, रस्त्यांत काहीही बचत नाही आणि वेतनात ५ लाखांची बचत. तक्त्यात ४७ लाख वाचलेले दिसत होते. वस्तुतः नगरपरिषद अंदाजापेक्षा ७ लाख रुपयांनी पुढे गेलेली आहे.

विभागप्रमुखांसाठी चार वाक्ये

हे सारे गणित विभागप्रमुखांपुढे ठेवण्याची गरज नसते. त्यांना चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात : फरक किती, कशामुळे, तो पुढे टिकणार की भरून निघणार आणि कोणता निर्णय कधीपर्यंत घ्यायचा. पाणीपुरवठा विभागाच्या प्रमुखांना पाठवायचे टिपण असे लिहिता येईल :

“वीजबिलावर १२ लाख रुपये जादा खर्च झाला. त्यापैकी ४ लाख दरवाढीमुळे, १ लाख ६० हजार जादा पाणी उपसल्यामुळे आणि ६ लाख ४० हजार प्रति घनमीटर अधिक वीज लागल्यामुळे आहेत. जुलैपासूनचे प्रमाण असेच राहिल्यास केवळ या शेवटच्या कारणाने पुढील सहामाहीत सुमारे १२ लाख रुपये जादा लागतील. पंप व प्रवाहमापकाची तपासणी १५ दिवसांत करून दुरुस्तीचा अंदाज कळवावा.”

बांधकाम विभागासाठीचे टिपण त्याहून लहान असेल : “खर्च ५२ लाखांनी कमी दिसतो, परंतु ही बचत नाही. ३१ लाखांची देयके प्रलंबित असून २१ लाखांची कामे सुरू व्हायची आहेत. दोन्ही रकमा चालू वर्षातच लागतील. त्या अन्यत्र वळवू नयेत. प्रलंबित देयके व कामांचे महिनावार वेळापत्रक द्यावे.” आरोग्य विभागाला ५ लाखांची बचत कळवून रिक्त पदे मार्चपूर्वी भरली जाणार आहेत का, एवढेच विचारणे पुरेसे आहे. त्या उत्तरावर ही रक्कम वीजबिलाकडे वळविण्याचा प्रस्ताव अवलंबून राहील.

टिपणात ‘अधिक’ व ‘उणे’ ही चिन्हे टाळून ‘खर्च जास्त’ किंवा ‘वसुली कमी’ असे शब्दांत लिहिणे श्रेयस्कर ठरते. खर्चातील वाढ आणि उत्पन्नातील वाढ यांना एकच चिन्ह दिले की एकाच तक्त्यात तेच चिन्ह एकदा वाईट आणि एकदा चांगले ठरते. प्रत्येक किरकोळ फरकाचे स्पष्टीकरण मागणेही योग्य नव्हे. तफावत १० टक्क्यांहून अधिक आणि रक्कम १ लाखाहून मोठी असेल तरच कारण लिहावे, अशी मर्यादा वर्षाच्या प्रारंभी ठरवून घेता येते. मात्र बांधकामासारख्या शीर्षांत देणी लपलेली असू शकतात. तेथे तफावत शून्य दिसली तरी प्रलंबित देयकांचा आकडा मागवावा लागतो.

कारण लेखा शाखेने तर्काने लिहावयाचे नसते. ते विभागाकडून आलेले आणि वीजबिल, मोजमाप पुस्तिका किंवा वेतनपट यांच्याशी ताडून पाहिलेले असावे लागते. लिहिलेल्या कारणांच्या रकमांची बेरीज एकूण तफावतीइतकी येते का, ही त्याची सोपी कसोटी आहे. १२ लाखांच्या फरकासाठी दिलेली कारणे ५ लाखांपाशीच थांबत असतील, तर उरलेल्या ७ लाखांचा शोध अद्याप बाकी असतो.