फराळ, पार्किंग आणि एक 🪔

परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनाचं पोस्टर व्हॉट्सॲपवर येतं, तेव्हा डोळे आधी कंदील आणि रांगोळीच्या चित्राकडे जातात. पण घरातले चौघे वेळेवर आणि योग्य जागी पोचतील का, हे ठरतं चित्राखालच्या पाच-सहा ओळींवर. चित्रातल्या पत्त्यावर बोट ठेवलं तर नकाशा उघडत नाही आणि नावनोंदणीची लिंकही चालत नाही. ते काम खालच्या मजकुराचं. उलट, पुढे पाठवताना हा मजकूर कधीकधी गळून पडतो, म्हणून तारीख आणि ठिकाण चित्रातही हवंच.

हा मजकूर एका घरात तीन पिढ्या वाचतात. पुण्याहून आलेले आजी-आजोबा मराठी वाचतात. आई-बाबांना दोन्ही भाषा येतात. मुलं मराठी बोलतात, पण देवनागरी वाचायला अडखळतात. म्हणून दोन भाषांची सरमिसळ अपरिहार्य आहे. प्रश्न एवढाच, की कोणती गोष्ट कुठल्या भाषेत सांगायची.

एक उदाहरण घेऊ. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. समजा, न्यू जर्सीतल्या एका मंडळाने आदल्या शनिवारी शाळेच्या सभागृहात संमेलन ठेवलं. घाईत लिहिलेला मजकूर साधारण असा होतो (इंग्रजी शब्द पोस्टरवर रोमन लिपीत असतात, इथे देवनागरीत दिले आहेत):

✨🎆🪔 सेलिब्रेट दिवाळी विथ अस ऑन ११/७! आपली संस्कृती, आपला अभिमान 🏰🥟🎉🎉🎉 फूड अँड फन फॉर ऑल 🙏

पहिली अडचण तारखेची. अमेरिकेत आधी महिना लिहितात, भारतात आधी दिवस. आजोबा ११/७ म्हणजे ११ जुलै वाचतील. महिन्याचं नाव आणि वार लिहिला की गोंधळ संपतो. दुसरी अडचण 🎆 या चिन्हाची. शाळेच्या सभागृहात फटाके उडवता येत नाहीत. मुलं मात्र ते चिन्ह पाहून आतषबाजीची वाट बघतील. तिसरी ‘फूड’ या शब्दाची. नुसता फराळ आहे की रात्रीचं जेवण, हे कळल्याशिवाय घरी काही रांधून निघायचं की नाही ते ठरत नाही.

इमोजींचं गणित थोडं वेगळं आहे. पणतीचं 🪔 हे चिन्ह २०१९ मध्ये आलं; त्याआधी मेणबत्तीवर भागवावं लागे. करंजीसाठी चिन्ह नाही, म्हणून लोक 🥟 वापरतात. ते आहे मोमोसारख्या पदार्थाचं. आकाशकंदिलासाठी वापरला जाणारा 🏮 हा जपानी खानावळीबाहेरचा लाल कागदी कंदील, आणि 🏰 हा युरोपातल्या मनोऱ्यांचा किल्ला. ही चिन्हं वापरायला हरकत नाही. मात्र शेजारी ‘करंजी’, ‘किल्ला’ हे शब्द हवेत. शब्दाच्या जागी चिन्ह ठेवलं की अर्थ वाचणाऱ्याच्या अंदाजावर राहतो. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन प्रत्येक चिन्हाचं नाव मोठ्याने वाचतो. तीन 🎉 म्हणजे तेच नाव पुन्हा पुन्हा ऐकावं लागू शकतं. म्हणून ओळीच्या सुरुवातीला एकच चिन्ह पुरे. पार्किंग शोधणाऱ्याची नजर 📍 वर थेट थांबते.

आता तोच मजकूर नीट लिहिला तर:

🪔 दिवाळीचा फराळ एकत्र करू या! सहकुटुंब, सहपरिवार नक्की या.
🗓️ शनिवार / सॅटरडे, ७ नोव्हेंबर, ४ ते ८ पीएम
📍 शाळेचं नाव, पूर्ण पत्ता. पार्किंग: रिअर लॉट
🍽️ ४ वाजता करंजी-चकली, ६:३० ला जेवण. नट ॲलर्जी? प्लीज टेल अस
🏰 किल्ला बांधू या! किड्स, ब्रिंग युअर मावळे
🎟️ आरएसव्हीपी बाय ३१ ऑक्टोबर: लिंक

यात बोलावणं मराठीत आहे, कारण ‘सहकुटुंब, सहपरिवार’ म्हटल्यावर आजी-आजोबांनाही आपल्याला वेगळं बोलावल्यासारखं वाटतं. ज्यावरून काही कृती करायची तो तपशील इंग्रजीत किंवा दोन्हींत आहे: वार, पार्किंग, ॲलर्जी, नोंदणी. मुलांसाठीची ओळ त्यांना वाचता येईल अशी आहे. तिच्यातला ‘मावळे’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला की तेही तो वाचतात. तारीख वरच आहे, कारण लांब मजकुराचा पुढचा भाग फोन ‘आणखी वाचा’खाली लपवतो आणि पुष्कळ जण तिथवर जात नाहीत.

पाठवण्याआधी मजकूर एका आजोबांना आणि एका शाळकरी मुलीला वेगवेगळा दाखवावा आणि तीनच प्रश्न विचारावेत: कधी जायचं, गाडी कुठे लावायची, जेवून जायचं की तिथे जेवायचं? दोघांची उत्तरं जुळली तर मजकूर तयार आहे. जिथे जुळत नाहीत, तिथे चिन्ह काढून शब्द लिहावा किंवा तीच ओळ दुसऱ्या भाषेतही द्यावी.