फुप्फुसांचं ब्लडप्रेशर

डॉक्टर दंडाला पट्टा बांधून मोजतात ते १२०/८० ब्लडप्रेशर शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचं असतं. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब दंडावर कळत नाही. निरोगी माणसात तो साधारण २५/१० असतो.

रक्त मात्र दोन्हीकडे सारखंच जातं. हृदयाची डावी बाजू मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर ढकलते आणि उजवी बाजू तेवढंच फुप्फुसांत. शरीराची फेरी पुरी करताना दाबातले नव्वदेक मिलिमीटर खर्ची पडतात. फुप्फुसांत सरासरी १५ वरून ८ वर, म्हणजे जेमतेम सात. म्हणूनच हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत डाव्याच्या निम्म्याहूनही पातळ असते.

शरीराला दाब राखून ठेवावा लागतो, कारण त्याला रक्ताची वाटणी करायची असते. जेवल्यावर आतड्यांना जास्त, धावताना पायांना जास्त. छोट्या धमन्यांच्या स्नायुमय भिंती आवळून किंवा सैल पडून ही वाटणी करतात. फुप्फुसांत असं वाटप फारसं नाही. आलेलं सगळं रक्त हवेजवळून न्यायचं, एवढंच काम. त्यासाठी रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा काही ठिकाणी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतका पातळ असतो. अशा पडद्याला शरीराचा दाब सोसवणार नाही. रक्तातली प्रथिनं सुमारे २५ मिलिमीटरच्या ओढीनं पाणी आत धरून ठेवतात. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतला दाब दहाच्या आसपास किंवा कमी असल्यानं वायुकोश कोरडे राहतात.

गड चढताना हृदय तिप्पट रक्त फेकू लागतं, तरी हा दाब तिप्पट होत नाही. विश्रांतीत, विशेषतः फुप्फुसांच्या वरच्या भागात, मिटून राहिलेल्या केशवाहिन्या उघडतात आणि आधीच उघड्या असलेल्या फुगून रुंद होतात. भिंतींत स्नायू कमी असल्यानं त्या सहज ताणल्या जातात. मला या रचनेतली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. शस्त्रक्रियेत एक फुप्फुस काढलं, तरी उरलेलं निरोगी फुप्फुस विश्रांतीत सगळं रक्त वाहून नेतं, आणि दाब थोडाच वाढतो.

या लवचीकपणाला मर्यादा आहे. लहानपणी झालेल्या सांधेतापानं हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली, की फुप्फुसांतून परतणारं रक्त तिच्यामागे तुंबतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि नाडी जलद चालते, त्यामुळे तोवर ठीक वाटणाऱ्या बाईलाही अचानक धाप लागू लागते. केशवाहिन्यांतला दाब पंचविशीपलीकडे गेला, की वायुकोशांत पाणी झिरपतं. आडवं पडल्यावर जीव घाबरा होतो, उशा वाढवाव्या लागतात, रात्री खोकल्यानं उठून बसावं लागतं. गुलाबी फेस आला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावं.

अशा बाईचं दंडावरचं ब्लडप्रेशर अगदी नॉर्मल असू शकतं. तेव्हा गरोदरपणात आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर ‘या दिवसांत असं होतंच’ म्हणून सोडू नका. हृदयाची इको तपासणी करून घ्या.