आजींनाही वाचून दाखवा

नाशिकच्या एका बालरोगतज्ज्ञांनी जूनमध्ये सात वर्षांच्या मुलीच्या घरच्यांना दोन पानी पत्र दिलं. वर लिहिलं होतं, 'आजींनाही वाचून दाखवा.' दवाखान्यात आई-बाबा आले होते, पण 'एवढ्याशा पोरीला पंप? सवय लागेल,' असं म्हणणारी आजी घरी होती. आणि औषध रोज मिळणार की नाही, हे बऱ्याचदा घरीच ठरतं.

मुलीला वर्षभर रात्री दोन-अडीचच्या सुमाराला खोकल्याची ढास लागायची. धावलं की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तीनदा अँटिबायोटिक झालं, खोकल्याची औषधं तर मोजलीच नाहीत. मग डॉक्टरांनी तिला मशीनमध्ये जोरात फुंकायला लावलं. त्यानंतर श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगितलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १५ टक्क्यांनी वाढली. १२ टक्क्यांहून जास्त वाढ झाली, की अरुंद नळ्या औषधाने मोकळ्या होतात हे दिसतं. आधीची लक्षणं त्याला जुळत होती, म्हणून निदान झालं: दमा.

पत्रात पुढे दोन पंपांतला फरक सांगितला आहे आणि सगळा घोळही तिथेच होतो. दम्यात श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते. धूळ, धूर, थंड हवा किंवा साधी सर्दी लागली, की भोवतीचे स्नायू आवळतात. निळ्या पंपातलं सालब्युटॅमॉल हे स्नायू काही मिनिटांत सैल करतं, पण सूज तशीच राहते. ती उतरवायला दुसरा पंप आहे, ब्युडेसोनाइडचा. त्याने लगेच काहीच जाणवत नाही आणि चांगला गुण यायला काही आठवडे लागतात. त्यामुळे खोकला थांबला की लोक नेमका हाच पंप बंद करतात. पंधरा दिवस बरे जातात, मग एका रात्री पुन्हा धाप लागते.

आजींच्या शंकेला डॉक्टरांनी आकड्यांनी उत्तर दिलं आहे. सालब्युटॅमॉलच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा वीस फवाऱ्यांएवढा! चमच्यातलं औषध पोटातून रक्तात आणि साऱ्या अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट दुखण्याच्या जागी पोहोचतो. रोजच्या पंपातलं औषध स्टिरॉइड आहे, हेही त्यांनी लपवलेलं नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी राहू शकते. ते ठाऊक असूनही ते द्यायचं, कारण दम्याचा मोठा झटका जिवावर बेतू शकतो. या औषधाचं व्यसन मात्र लागत नाही.

आता पंप कसा घ्यायचा ते. आईने पहिल्या दिवशी पंप थेट मुलीच्या तोंडात धरून दाबला, तेव्हा ओठांच्या कडेने पांढरी वाफ बाहेर आली. आईला वाटलं, औषध गेलं. खरं तर बरंचसं जिभेवर आणि घशात आपटलं होतं, उरलेलं हवेत. फवारा इतक्या वेगाने सुटतो, की नेमका त्याच क्षणी श्वास ओढणं लहान मुलाला जमत नाही. म्हणून मध्ये स्पेसर हवा, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी. तिच्यात फवारा थांबतो आणि मूल आपल्या गतीने तो ओढून घेतं.

पंप नीट हलवून स्पेसरला लावायचा. मुलीने ताठ बसून तोंडाचा भाग दातांमध्ये धरायचा आणि ओठ घट्ट मिटायचे. मग एकच फवारा आणि पाच-सहा संथ श्वास. प्रत्येक श्वासाला झडप टिकटिकते, ती टिकटिक मुलीलाच मोजायला लावावी. दुसरा फवारा घ्यायचा असेल, तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारले, तर औषध एकमेकांत आणि नळीच्या भिंतीवर वाया जातं. स्टिरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता वाळू द्यावा. फडक्याने घासला, की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

झटक्याच्या वेळी काय, हे शेवटच्या परिच्छेदात ठळक लिहिलं आहे. निळ्या पंपाचे चार ते सहा फवारे, एकेक करून, स्पेसरमधूनच. त्याने आराम पडला नाही, किंवा चार तासांच्या आत पुन्हा धाप लागली, तर दवाखाना. बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर निळा पंप देत देतच थेट रुग्णालय गाठायचं. छातीची शिट्टी अचानक बंद झाली आणि मूल मलूल पडलं, तर तो आराम समजू नका, हवाच आत-बाहेर होत नाहीये.

एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. औषध संपल्यावरही पंपातून फुस्स आवाज येतो, कारण आतला वायू उरलेला असतो. पाण्यात टाकून तो तरंगतो का बघणं भरवशाचं नाही, मोजणंच खरं. मुलीच्या रोजच्या पंपावर २०० फवारे लिहिले होते. सकाळी एक, रात्री एक, म्हणजे १०० दिवस. पंप १० जूनला सुरू झाला होता. आईने मार्कर घेतला आणि पंपाच्या प्लास्टिकवर लिहिलं: १७ सप्टेंबर.