नट निघाला, पण मॅग्नेट हलेना

जुन्या चेतकचे पॉइंट बदलायचे म्हणून मी पंख्याचं झाकण काढलं, मधला नट सोडवला, वायसर बाजूला ठेवला. आता फ्लायव्हील हातात येईल असं वाटलं. ते तसूभर हललं नाही. गॅरेजमध्ये त्याला ‘मॅग्नेट’ म्हणतात, कारण त्याच्या आत चुंबक बसवलेले असतात.

नट काढल्यावरही ते का सुटत नाही? क्रँकचं टोक सरळ नळीसारखं नसतं, पुढे निमुळतं होत जातं आणि मॅग्नेटचं भोकही तसंच निमुळतं असतं. एकात एक घातलेले स्टीलचे पेले कसे गच्च बसतात, तसंच. नट फक्त ते आवळून ठेवतो. खरी पकड असते या दोन पृष्ठभागांच्या घर्षणाची. मधली अर्धचंद्राच्या आकाराची चावी जोर घेण्यासाठी नसते, मॅग्नेट ठरलेल्या जागी बसावं आणि ठिणगी वेळेवर पडावी यासाठी असते.

इथे हात हातोडीकडे जातो. कडेला ठोकलं तर चुंबक तडकतात. मागून पेचकस घालून उचकटलं तर पाती मोडतात किंवा आतली कॉइल दुखावते. तीन पायांचा पुलरही नको, तो कडा ओढतो आणि पकड तर मध्यभागी असते.

मॅग्नेटच्या मधल्या भागात पुलरसाठीच आटे पाडलेले असतात. माझा पुलर दोनच फेरे गेला आणि अडला. तसाच जोर लावला असता तर सगळा ताण त्या दोन आट्यांवर येऊन ते सोलले गेले असते, आणि मग मॅग्नेट काढणं फार कठीण झालं असतं. आट्यांत वर्षानुवर्षांची धूळ आणि ग्रीस घट्ट बसलं होतं. पेट्रोल आणि ब्रशने ते साफ केल्यावर पुलर हातानेच पूर्ण आत गेला. मग त्याचं अंग एका पान्याने धरलं, मधल्या बोल्टच्या टोकाला ग्रीस लावलं आणि दुसऱ्या पान्याने तो आवळत गेलो. बोल्ट क्रँकच्या टोकावर दाबतो, पुलर मॅग्नेटला बाहेर ओढतो. चांगला ताण आल्यावर थांबायचं आणि बोल्टच्या डोक्यावर हलकी टिचकी द्यायची. जोरात मारलं तर क्रँकचा तोल बिघडू शकतो. दुसऱ्या टिचकीला ‘टक्’ असा आवाज आला आणि मॅग्नेट मोकळं झालं. ते हळू सुटत नाही, एकदम सुटतं, म्हणून दुसरा हात खाली हवा.

बसवताना उतार पेट्रोलने पुसून कोरडा करायचा, त्यावर तेलाचा थेंबही नको. चावी खाचेत आहे का ते बघायचं. चुंबकाला एखादा वायसर चिकटलाय का, हेही बोट फिरवून पाहायचं. माझ्या मॅग्नेटला एक स्क्रू चिकटलेला सापडला.