‘त्या दोघांवर दया कर’: आईवडिलांसाठीची एक दुआ

‘रब्बिर्-हम्-हुमा, कमा रब्बयानी सगीरा.’ आईवडिलांसाठी मुसलमान घरांतून सर्वांत जास्त म्हटली जाणारी दुआ एवढीच आहे. अर्थ असा : ‘माझ्या पालनकर्त्या, त्या दोघांनी मी लहान असताना मला वाढवलं, तशीच तू त्या दोघांवर दया कर.’ आईवडील हयात असोत किंवा गेलेले असोत, शब्द बदलत नाहीत. असे का, हे या लहानशा वाक्याची बांधणी पाहिली की कळते.

हे वाक्य कुराणातल्या सतराव्या सूरेच्या 24 व्या आयतीच्या शेवटी येते. या सूरेला ‘बनी इस्राईल’ किंवा ‘इस्रा’ म्हणतात. त्याआधीच्या 23 व्या आयतीत एका ईश्वराच्या भक्तीची आज्ञा आहे आणि तिला लागूनच आईवडिलांशी चांगले वागण्याची. त्यांच्यापैकी एक जण किंवा दोघेही तुझ्याजवळ म्हातारपणाला पोहोचले तर काय करायचे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे. त्यांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नकोस. त्यांना झिडकारू नकोस. त्यांच्याशी आदराने बोल. मायेने नम्रतेचा पंख त्यांच्यापुढे खाली कर. आणि मग म्हण : ‘रब्बिर्-हम्-हुमा’. पाच सूचनांपैकी दुआ ही पाचवी आहे. आधीच्या चार सूचना वागण्याच्या आहेत. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या आईवर खेकसायचे आणि नमाजनंतर तिच्यासाठी हात उचलायचे, हे या आयतीच्या क्रमात बसत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रेषित मुहंमद यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले होते आणि आई ते सहा वर्षांचे असताना गेली. ‘तुझ्याजवळ म्हातारपणाला पोहोचले तर’ हे त्यांच्या स्वतःच्या बाबतीत घडणे शक्यच नव्हते. म्हणून भाष्यकार सांगतात की, आयतीतला ‘तू’ म्हणजे ती वाचणारा प्रत्येक जण.

आता शब्दांकडे वळू. ‘रब्बि’ म्हणजे माझा रब्ब. ‘इर्-हम्’ म्हणजे रहम कर. हा रहम मराठीलाही परका नाही. अरबीत ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूपासून गर्भाशयाचा ‘रहिम’ हा शब्द येतो. ‘हुमा’ म्हणजे ‘ते दोघे’. अरबीत संस्कृतसारखेच द्विवचन आहे. संस्कृतात ‘पितरौ’ म्हटले की आई आणि वडील दोघे आले, तसेच येथे. मराठीत द्विवचन उरले नाही, म्हणून आपल्याला ‘दोघे’ हा शब्द वेगळा घालावा लागतो.

‘रब्बयानी’ म्हणजे ‘त्या दोघांनी मला वाढवले’. तर्बियत हा शब्द याच क्रियापदाचा. ‘रब्ब’ आणि ‘रब्बया’ यांचे धातू व्याकरणाच्या दृष्टीने वेगळे मानले जातात. पण रागिब इस्फहानी यांच्यासारख्या जुन्या कोशकाराने ‘रब्ब’चा मूळ अर्थच एखादी गोष्ट टप्प्याटप्प्याने पूर्णत्वाला नेणे, म्हणजे तर्बियत, असा दिला आहे. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला वाढवणारा ईश्वर येतो आणि शेवटी वाढवणारे आईवडील. ‘कमा’ म्हणजे ‘जसे’. काही व्याकरणकार त्याचा अर्थ ‘कारण’ असाही घेतात. ‘सगीरा’ म्हणजे मी लहान असताना.

या शेवटच्या शब्दात दुआचे मर्म आहे. आईवडिलांची आजची अवस्था वाक्यात कुठेच नाही. ते धडधाकट आहेत, अंथरुणाला खिळले आहेत की कबरीत आहेत, याचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो म्हणणाऱ्याच्या बालपणाचा. आणि अगदी लहानपणी जे मिळाले, ते त्याला स्वतःला आठवत नसते. जे आठवत नाही, त्याची परतफेड त्याला करता येत नाही. म्हणून ती तो वरच्यावर सोपवतो.

एक उदाहरण घेऊ. एका माणसाचे वडील वारले आहेत आणि आई घरी आहे. फर्ज नमाज संपली की तो हात उचलून हे वाक्य म्हणतो. ‘हुमा’मध्ये दोघेही येतात. आईसाठी त्याचा अर्थ प्रकृती, शांती आणि सुखाचे म्हातारपण असा होतो. वडिलांसाठी कबरीतला दिलासा आणि क्षमा. त्याच माणसाने नमाजच्या शेवटच्या बैठकीत, दरूदनंतर आणि सलामच्या आधी, दुसरी एक दुआ बहुधा म्हटलेली असते. ती चौदाव्या सूरेतली, प्रेषित इब्राहीम यांच्या तोंडची. तिच्यात हिशेबाच्या दिवशी मला, माझ्या आईवडिलांना आणि सर्व श्रद्धावंतांना क्षमा कर, असे मागणे आहे. पहिलीत दया मागितली जाते, दुसरीत मगफिरत, म्हणजे क्षमा. शुक्रवारी किंवा शब-ए-बरातला तो कबरस्तानात जातो, तेव्हा आधी कबरीतल्यांना सलाम करतो आणि मग पुन्हा पहिली दुआ.

गेलेल्यांसाठी दुआ का पोहोचते, याचा आधार ‘सहीह मुस्लिम’मधील एका हदीसमध्ये आहे. माणूस मेला की त्याची कर्मे थांबतात. तीन मात्र चालू राहतात. चालू राहणारे दान, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी सदाचारी संतती. गेलेल्यासाठी दुआ करावी, याबद्दल सुन्नी पंथांत मतभेद नाही. मतभेद आहे तो तिसऱ्या दिवशीची जियारत, चाळिसावा अशा ठरलेल्या दिवसांच्या विधींबद्दल. बरेलवी परंपरेत ते होतात, देवबंदी आणि अहले हदीस त्यांना हरकत घेतात. वरच्या दुआला मात्र दिवस, जेवण किंवा मौलवी, कशाचीच गरज नाही.

म्हणताना चुका होतात त्या दोन ठिकाणी. ‘हम्-हुमा’मधले दोन्ही ‘ह’ आपल्या लिपीत सारखेच दिसतात. अरबीत पहिला घशातून घासून निघतो, दुसरा आपल्या नेहमीच्या ‘ह’सारखा हलका. दुसरी चूक ‘रब्बयानी’तल्या ‘या’ची. त्याचा आकार आखूड केला, तर द्विवचनाची खूणच जाते. म्हणून ‘या’ नीट लांबवावा. देवनागरीत छापलेल्या दुआ वाचणाऱ्याने एकदा तरी अरबी जाणणाऱ्याकडून त्या ऐकून घ्याव्यात.

शब्द बदलावेत का, असाही प्रश्न विचारला जातो. जमातीसाठी दुआ मागताना इमाम कधी कधी ‘मला’च्या जागी ‘आम्हाला’ असे रूप घेतात आणि ‘दोघे’च्या जागी अनेकवचन. आपल्या वतीने दुआ मागताना हे चालते. कुराणपठण म्हणून आयत वाचताना मात्र अक्षरही बदलत नाही. आणि ज्याला अरबी जमतच नाही, त्याने नमाजबाहेर हेच मागणे मराठीत मागितले, तरी ती दुआच असते.