रसग्रहणाचा साचा मिळत नाही

जानेवारी उजाडला की वडगाव, कामशेत, लोणावळा, कुठल्याही शाळेत किंवा क्लासमध्ये जा, एक मागणी हमखास कानावर येते. ‘सर, रसग्रहणाचा साचा द्या ना. कुठल्याही कवितेला चालेल असा.’ पालकही तेच विचारतात. मागच्या पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतली रसग्रहणं उतरवून पाठ केली की अपठित कवितेची काळजी मिटली, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. हा गैरसमज इतका पक्का आहे की पाठ केलेला साचा मुलं कवितेकडे न बघताच लिहून टाकतात.

साचा साधारण असा असतो: ‘प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे. यमक अलंकारामुळे कवितेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. म्हणून ही कविता मला फार आवडते.’ ही चारही वाक्यं कुठल्याही कवितेखाली जशीच्या तशी बसतात, आणि नेमका तोच त्यांचा दोष आहे.

मग परीक्षेत मागतात काय? दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत रसग्रहणाला 4 गुण असतात आणि ते तीन अंगांनी तपासलं जातं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. तिथल्या ओळी पाठ्यपुस्तकातल्या असतात, त्यामुळे साचा तिथे निदान धकून तरी जातो. खरी अपठित कविता भेटते ती पुढे. शिक्षक होण्यासाठीच्या सीटीईटी परीक्षेच्या अभ्यासक्रमात पहिल्या भाषेसाठी एक गद्य किंवा नाट्य उतारा आणि एक कविता, दोन्ही अपठित, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या अनेक शिक्षकांवरही टीईटी उत्तीर्ण होण्याची पाळी आली आहे. म्हणजे मुलांना साचा देणाऱ्यांनाच आता न पाहिलेल्या कवितेसमोर बसायचं आहे.

सरावासाठी चार ओळी मीच रचल्या आहेत, कारण पुस्तकातली कविता घेतली तर कुणीतरी गाईड उघडेल.

पाठीवर पाऊस घेऊन आई
खाचरात दिवसभर उभी वाकून;
बांधापलीकडे गाड्या थांबतात,
पाऊस बघतात काच लावून.

वरचा साचा इथे लावून पाहा. पाऊस आहे, शेत आहे, म्हणजे ‘निसर्गाचे मनोहारी वर्णन’! ओळींत मनोहारी काही नाही, पण पाऊस दिसला की हात आपोआप तेच लिहितो. ही खोड फक्त आपल्या मुलांची नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता दिल्या आणि त्यांनी काय लिहिलं ते ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या 1929 च्या पुस्तकात मांडलं. त्यातले बहुतेक विद्यार्थी साहित्याचेच होते. तरी कित्येकांना ओळींचा साधा अर्थच लागला नव्हता, आणि कित्येकांनी कविता बाजूला ठेवून मनात आधीच तयार असलेली प्रतिक्रिया लिहिली होती.

म्हणून आधी सरळ अर्थ. तो असा होईल: आई भाताच्या खाचरात दिवसभर पावसात भिजत, वाकून उभी आहे. शेताच्या बांधापलीकडे गाड्या थांबतात आणि गाडीतली माणसं काच बंद ठेवून तोच पाऊस पाहतात. एवढंच. ‘गरीब बिचारी आई’ लिहायचं नाही, कारण गरिबी ओळींत नाही. ‘निर्दयी पर्यटक’ही नाही. ते पर्यटक आहेत हेसुद्धा आपण लोणावळ्याच्या आसपास राहतो म्हणून सुचतं; ओळींत फक्त गाड्या आहेत. सरळ अर्थात स्वतःची भर पडली, तर पुढचं सगळं रसग्रहण त्या भरीवर उभं राहतं.

आता रसग्रहण. अर्थ लिहून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा: हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं असतं तर काय हरवलं असतं? ‘पाठीवर पाऊस पडतो’ असं नाही म्हटलेलं, ‘पाऊस घेऊन’ म्हटलंय. भारा घ्यावा, पोतं घ्यावं, तसा आई पाऊस घेते. शेवटच्या ओळीत तोच शब्द परत येतो, पण तिथे पाऊस ‘बघतात’. एक पाऊस अंगावर आहे, दुसरा काचेपलीकडे, आणि कवितेचा आशय या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरात आहे. पुढे पाहा, पाऊस बघतं कोण? व्याकरणाने पाहिलं तर गाड्या. इथे बहुतेक मुलं ‘चेतनगुणोक्ती’ लिहून मोकळी होतात. पण गाडी म्हणजे इथे गाडीतली माणसं, आणि ती ओळींतून गाळलेली आहेत. सबंध कवितेत माणूस म्हणून दिसते ती एकटी आई. अलंकाराचं नाव चुकलं तरी हे लिहिणारं मूल पुढे असतं. यमकही नुसतं नादापुरतं नाही: ‘वाकून’ आणि ‘लावून’ ही दोन माणसांची दोन कृत्यं आहेत, आणि यमक ती शेजारी आणून ठेवतं.

चार गुणांचं उत्तर एवढ्यात होतं:

‘भातखाचरात राबणारी आई आणि काचेआडून पाऊस पाहणारे प्रवासी यांच्यातील अंतर या ओळींत दिसते. “पाऊस घेऊन” या शब्दांमुळे पाऊस ओझ्यासारखा जाणवतो, तर शेवटी तोच पाऊस केवळ पाहण्याची गोष्ट होतो. गाड्या पाऊस बघतात असे म्हटल्याने आतील माणसे अदृश्य राहतात. “खाचर”, “बांध” या शेतीतल्या शब्दांमुळे प्रसंग खरा वाटतो. “वाकून–लावून” हे यमक दोन कृतींमधील विरोध ठसवते. कवयित्री किंवा कवी कोणालाही दोष देत नाही, त्यामुळे परिणाम वाढतो.’

यातलं एकही वाक्य उचलून दुसऱ्या कवितेखाली चिकटवता येणार नाही. आपलं उत्तर तपासायची हीच कसोटी आहे: कविता झाका, उत्तर मित्राला द्या, आणि कविता कशावर होती ते त्याला विचारा. ‘निसर्गावर असेल’ एवढंच तो म्हणाला तर उत्तर खोडा.

मग जुन्या प्रश्नपत्रिका कशाला? उत्तरांसाठी नाही, प्रश्नांसाठी. पाच वर्षांचे कवितेवरचे प्रश्न एका कागदावर उतरवा आणि कवितेच्या ओळी वगळा. सरळ अर्थ लिहा, अमुक शब्द काय सुचवतो ते सांगा, विचारसौंदर्य स्पष्ट करा, असे तेच ते प्रश्न फिरून येताना दिसतील. आता ते प्रश्न एखाद्या अशा कवितेला लावा जी कुठल्याच गाईडमध्ये नाही. दिवाळी अंकातली चालेल, घरातली जुनी ओवी चालेल.

बाकीच्या समजुतींना एकेक ओळ पुरे. यमक नाही ती कविता नाही, हे खोटं. मुक्तछंदाला लय असते, ती ओळ कुठे तोडली त्यात शोधा. ‘मी’ म्हणजे कवीच, हेही नाही. बोलणारा झाड असू शकतो किंवा मेलेला सैनिक. कवी माहीत नसला तर रसग्रहण होत नाही, या समजाचं उत्तर रिचर्ड्सच्या झाकलेल्या नावांत आहे. अर्थ ज्याचा त्याचा, त्यामुळे काहीही चालतं, हे तर मुळीच नाही: वरच्या ओळींत कुणाला उपरोध दिसेल, कुणाला नुसती तटस्थ नोंद, दोन्ही चालतील, पण ‘पावसामुळे आई आनंदली आहे’ याला आधार देणारा एक शब्दही तिथे नाही.

शिक्षकांना एक विनंती: पूर्वपरीक्षेत रसग्रहणाला एक तरी अपठित कविता द्या, आणि साच्यातल्या वाक्याला अर्धा गुणही देऊ नका.